आइस्क्रीमचा डबा फिरवून बघा

पुतण्याच्या वलीम्यात मला दोन प्रश्न विचारले गेले आणि दोन्हींची उत्तरं मला ठाम देता आली नाहीत. माधवनगरात आमच्या गल्लीत जैन, मराठा, लिंगायत, गुजराती अशी सगळी घरं आहेत. लग्नकार्य कुणाचंही असो, जेवायला सगळे येतात. आमच्याकडे गोश्तचा दस्तरखान वेगळा आणि शाकाहारी पंगत वेगळी, आचारीही वेगळा, भांडीही वेगळी. ही पद्धत अब्बांच्या वेळेपासून चालत आली आहे, तिच्याबद्दल कधी कुणाला शंका आली नाही. शंका आली ती आइस्क्रीमवर, कारण तेवढा एकच पदार्थ दोन्ही पंगतींना सारखा होता.

शेजारच्या अक्कांनी वाटी हातात घेतली आणि हळू आवाजात विचारलं, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण यात अंडं असतंय का हो?" मी म्हणालो, "नाही अक्का, आइस्क्रीममध्ये कुठलं अंडं?" पण माझ्या उत्तरामागे माहिती नव्हती, फक्त घाई होती. अक्कांनी ते ओळखलं असावं. त्यांनी वाटी तशीच बाजूला ठेवली.

दुसरा प्रश्न आमच्या एका पाहुण्यांचा. ते तासगावच्या बाजूचे, घरी चार म्हशी, रोज डेअरीला दूध घालणारे. त्यांनी एक चमचा तोंडात घातला, जीभ टाळूला लावून बघितली आणि म्हणाले, "मामू, हे दुधाचं नव्हं. टाळूला तुपकट लागतंय." मी हसण्यावारी नेलं.

रात्री मंडप रिकामा झाल्यावर मी ते डबे उचलून घरात आणले आणि दिव्याखाली फिरवून बघितले. तीनशे माणसांसाठी चार लिटरचे पाच डबे आले होते. तीन डब्यांवर लिहिलं होतं 'आइस्क्रीम'. दोन डबे त्याच रंगाचे, त्याच आकाराचे, पण त्यांच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं 'फ्रोझन डेझर्ट'. म्हणजे आमचे दूधवाले पाहुणे आणि मी, दोघंही आपापल्या परीने अर्धे बरोबर होतो. त्यांच्या वाटीत कुठल्या डब्यातलं आलं होतं, एवढाच फरक.

आधी दुधाचा प्रश्न घेऊ.

आइस्क्रीम हा दुग्धजन्य पदार्थ आहे का? आपल्या देशात याचं उत्तर कायद्याने दिलेलं आहे. अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार आइस्क्रीम म्हणजे दूध किंवा दुधापासूनच्या पदार्थांचं मिश्रण पाश्चराइज करून गोठवलेला पदार्थ. कुल्फीही त्याच व्याख्येत येते. साध्या आइस्क्रीममध्ये किमान दहा टक्के फॅट हवं आणि ते दुधाचंच हवं. फॅट कमी असेल तर 'मीडियम फॅट' किंवा 'लो फॅट' असं डब्यावर लिहावं लागतं, पण जे काही फॅट असेल ते दुधाचंच. तेव्हा ज्या डब्यावर नुसतं 'आइस्क्रीम' लिहिलं आहे, तो दुग्धजन्य पदार्थ आहे, यात वाद नाही.

फ्रोझन डेझर्टमध्येही किमान दहा टक्के फॅट लागतं, पण ते वनस्पती तेलाचं चालतं. बहुतेक वेळा पाम तेल, पामच्या बियांचं तेल किंवा खोबरेल. नियमाची एक अट अशी की हे फॅट ३७ अंशांच्या आत वितळलं पाहिजे. ३७ म्हणजे आपल्या तोंडाचं तापमान. त्याहून उशिरा वितळणारं तेल टाळूला मेणासारखं चिकटून राहील. आमच्या पाहुण्यांची जीभ तिकडेच निर्देश करत होती, पण जिभेवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. चांगल्या कारखान्यातलं फ्रोझन डेझर्ट भल्याभल्यांना ओळखता येत नाही, आणि स्वस्तातलं खरं आइस्क्रीमही कधी तुपकट लागतं. नक्की ओळखायचं तर त्यातलं फॅट वेगळं काढून प्रयोगशाळेत तपासावं लागतं. घरी एकच उपाय आहे, डब्यावरचं नाव वाचणं.

दूध घालणाऱ्या माणसाला कळेल असा हिशोब करून बघू. नियमाप्रमाणे एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम हवं. म्हणजे चार लिटरच्या डब्यात माल दोन किलो शंभर ग्रॅम. बाकी जागा हवेची. मिश्रण गोठवताना त्यात हवा घोटून घालतात, नाहीतर आइस्क्रीम दगड होईल. ही हवा म्हणजे फसवणूक नाही, पण म्हणूनच आइस्क्रीम किलोवर न विकता मिलिलिटरवर विकतात, हे लक्षात ठेवावं. आता दोन किलो शंभर ग्रॅमच्या दहा टक्के, म्हणजे २१० ग्रॅम दुधाचं फॅट. सात फॅटच्या म्हशीच्या दुधात लिटरमागे साधारण सत्तर ग्रॅम फॅट असतं. तेव्हा एका डब्यात किमान तीन लिटर म्हशीच्या दुधाचं फॅट आलं. फ्रोझन डेझर्टच्या तेवढ्याच डब्यात हे २१० ग्रॅम तेलाचं असू शकतं. आमचे पाहुणे डेअरीत रोज फॅटवर भाव घेतात. त्यांच्या मालाचं मोल ज्या एका गोष्टीवर ठरतं, तीच गोष्ट त्या दोन डब्यांत नव्हती. त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

पण याचा अर्थ फ्रोझन डेझर्टमध्ये दूध अजिबात नसतं, असा घेऊ नये. माझा पहिला समज तसाच झाला होता. त्याच रात्री डब्याच्या मागची घटकांची यादी वाचली तेव्हा पाणी, साखर, वनस्पती तेल यांच्याबरोबर दूध पावडरही दिसली. बहुतेक फ्रोझन डेझर्टमध्ये प्रोटीनसाठी दुधाची पावडर असतेच. म्हणून ज्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे, त्याला 'हे तर तेलाचं आहे' म्हणून फ्रोझन डेझर्ट देणं धोक्याचं. फॅटच्या बाजूने बघितलं तर तो दुधाचा पदार्थ नाही, प्रोटीनच्या बाजूने बघितलं तर त्यात दूध आहे.

हाच वाद मुंबई उच्च न्यायालयातही गेला होता. २०१७ च्या मार्चमध्ये अमूलने टीव्हीवर जाहिरात दाखवली की खरं आइस्क्रीम दुधाचं असतं आणि फ्रोझन डेझर्ट 'वनस्पती'चं. क्वालिटी वॉल्स विकणारी हिंदुस्तान युनिलिव्हर कंपनी न्यायालयात गेली. तिचं म्हणणं होतं की आम्ही वापरतो ते वनस्पती तेल आहे, डालडासारखं 'वनस्पती' तूप नाही, शिवाय आमच्या मालात दुधाचे घटकही आहेत. जूनमध्ये न्यायालयाने त्या जाहिराती थांबवायला सांगितलं आणि डिसेंबर २०१८ मध्ये खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. काहींनी यावरून निष्कर्ष काढला की दोन्ही पदार्थ एकच आहेत. तसं नाही. फरक कायद्यात आधीपासून आहे आणि आजही आहे. दुसऱ्याच्या मालाची खोटी बदनामी करू नका, एवढाच त्या निकालाचा मुद्दा होता.

माझं मत विचाराल तर फ्रोझन डेझर्ट हा काही पापाचा पदार्थ नाही. तो स्वस्त पडतो, खाण्याला परवानगी आहे, ज्याला परवडेल त्याने तो घ्यावा. पण त्याला आइस्क्रीम म्हणून वाढू नये आणि आइस्क्रीमच्या भावाने घेऊ नये. आमच्या मंडपात पाचही डब्यांचा भाव एकच लावला होता. वाढप्याला विचारलं तर तो म्हणाला, "सगळं आइस्क्रीमच की!" त्यालाही माहीत नव्हतं.

आता अक्कांचा प्रश्न.

कायद्याने आइस्क्रीममध्ये अंडं घालायला परवानगी आहे. व्याख्येत जे पदार्थ घालता येतात त्यांत फळं, सुका मेवा, कॉफी, चॉकलेट यांच्याबरोबर अंडी आणि अंड्याचे पदार्थही आहेत. तेव्हा 'आइस्क्रीममध्ये अंडं असूच शकत नाही' हे माझं उत्तर चुकीचं होतं. आणि 'आइस्क्रीममध्ये अंडं असतंच' हेही चुकीचं. खरं उत्तर असं की असू शकतं, पण असेल तर डब्यावर हिरवा ठिपका लावता येत नाही.

ही अंड्याची शंका मुळात आली कुठून? ती उगाच आलेली नाही. युरोपातल्या जुन्या पद्धतीत दूध, साखर आणि अंड्याचा पिवळा बलक मंद आचेवर शिजवून आधी कस्टर्ड करतात आणि मग ते गोठवतात. अमेरिकेत तर ज्यात बलकाचा घन भाग १.४ टक्के किंवा जास्त असेल त्याला 'फ्रोझन कस्टर्ड' किंवा 'फ्रेंच' आइस्क्रीम असं वेगळं नाव आहे, आणि हागेन-डाझ्ससारख्या कंपनीच्या तिथल्या व्हॅनिलात बलक असतोच. आखातात किंवा अमेरिकेत नातेवाईक असलेल्या घरांत ही माहिती पोहोचलेली आहे. त्यात आपल्याकडच्या व्हॅनिलाचा पिवळा रंग बघून लोकांना वाटतं की हा बलकाचाच रंग. आपल्याकडे तो बहुधा घातलेला खाण्याचा रंग असतो. आणि आपण ज्याला कस्टर्ड म्हणतो, ती पावडर तर रंग आणि वास घातलेलं कॉर्नफ्लोअर असते. १८३७ साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड नावाच्या माणसाने ती काढली तीच बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून.

बलक आइस्क्रीममध्ये काय काम करतो ते समजलं की कारखाने तो का टाळतात हेही समजतं. दुधात फॅट आणि पाणी एकत्र असतं आणि ते नीट धरून ठेवणारं काहीतरी लागतं. बलकात लेसिथिन असतं, ते हे काम करतं, शिवाय शिजल्यावर बलक मिश्रणाला दाटपणा देतो. पण बलक महाग, शिजवताना जरा आच वाढली की फुटतो, त्याला वास असतो, आणि आपल्या देशात अंडं घातलं की गिऱ्हाइकांचा एक मोठा भाग गेला. हेच काम करणारी पांढरी पावडर स्वस्तात मिळते. तिचं नाव जीएमएस, म्हणजे ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट. ज्या बायकांनी उन्हाळ्यात घरी आइस्क्रीम केलं आहे त्यांना ही चांगली माहीत आहे. दूध, साखर, कॉर्नफ्लोअर, जीएमएस आणि चिमूटभर सीएमसी उकळून गार करायचं, फ्रीजरमध्ये सेट करायचं, मग साय घालून फेटायचं की ते दुप्पट फुगतं. हा फुगवटा जीएमएसमुळे येतो. फेटताना फॅटचे कण एकमेकांना थोडे चिकटतात आणि हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. कारखान्यातल्या डब्यावर हीच पावडर 'इमल्सिफायर ४७१' या आकड्याने लिहिलेली असते. म्हणजे घरच्या आइस्क्रीममध्ये आणि कारखान्याच्या आइस्क्रीममध्ये बलकाच्या जागी बसलेली वस्तू एकच आहे.

आता इथे आपल्याला, म्हणजे मुसलमानांना, थांबून विचार करावा लागतो. अंडं आपल्याला हलाल आहे, त्यामुळे अंड्याच्या प्रश्नाकडे आपण 'त्यांचा प्रश्न' म्हणून बघतो. पण हा ४७१ आकडा आपला प्रश्न आहे. जीएमएस चरबीपासून बनतं आणि ती चरबी वनस्पतीची असू शकते तशी जनावराचीही. परदेशात राहणारे आपले लोक दुकानात डबा हातात घेऊन हाच आकडा शोधत असतात. मार्शमॅलो घातलेल्या आइस्क्रीममध्ये जिलेटिनचा प्रश्न येतो, तोही तसाच. ज्या डब्यावर अंड्यामुळे शंका घ्यायची गरज आपल्याला नाही, त्याच डब्यावर चरबीमुळे शंका घ्यायची गरज आहे.

आणि इथेच अक्कांचा ठिपका आपल्या कामाला येतो. आपल्या देशातल्या नियमात मांसाहारी पदार्थाची व्याख्या बरीच कडक आहे. पक्षी, मासे, जनावर यांचा कुठलाही भाग, अंडं, किंवा प्राण्यापासून मिळालेला कुठलाही पदार्थ घटक म्हणून आला की तो मांसाहारी. अपवाद दूध आणि दुधाचे पदार्थ अशा मोजक्याच गोष्टींना. त्यामुळे ४७१ जनावराच्या चरबीपासून केलेलं असेल किंवा जिलेटिन असेल, तर डब्यावर हिरव्या चौकटीतला हिरवा गोल ठिपका लावता येत नाही. तिथे तपकिरी खूण लागते. पूर्वी ती तपकिरी ठिपक्याची होती, २०२० च्या नियमांपासून चौकटीत तपकिरी त्रिकोण आला. म्हणजे शेजारच्या अक्का अंड्यासाठी जी खूण बघतात, तीच खूण आपल्याला चरबीबद्दल सांगते. एकाच डब्यावर एकच ठिपका, आणि दोन घरांची काळजी मिटते.

उलट बाजूही सांगतो. तपकिरी खूण दिसली की ती वस्तू हराम, असं समजू नये. नुसतं अंडं असलं तरी हीच खूण लागते. फक्त अंडंच आहे असं कंपनी शेजारी वेगळं लिहू शकते. ते लिहिलेलं नसेल तर घटकांची यादी वाचावी.

ठिपक्याला मर्यादा आहेत, त्या लपवून चालणार नाही. पहिली, तो दारूबद्दल काहीच सांगत नाही. दारू वनस्पतीपासून होते, त्यामुळे नियमाने ती शाकाहारी. 'रम अँड रेझिन' नावाच्या आइस्क्रीमवर हिरवा ठिपका असू शकतो. तिथे यादी वाचायची, आणि नुसत्या इसेन्सबद्दल मनात शंका असेल तर आलिमांना विचारायचं.

दुसरी, ठिपका बंद डब्याचा असतो, वाटीचा नसतो. पार्लरमध्ये एकाच पाण्यात बुडवलेला स्कूप ब्राउनीच्या आइस्क्रीममधून निघून व्हॅनिलात जातो, आणि ब्राउनीत बहुतेक वेळा अंडं असतं. हातगाडीवरच्या पॉट आइस्क्रीमला डबाच नाही. तिथे 'अंडं आहे का' असं विचारलं की 'नाही' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा 'कशाने घट्ट केलंय' असं विचारावं. नुसतं दूध आटवलंय म्हणाला, कॉर्नफ्लोअर म्हणाला, किंवा पावडर म्हणाला, की पुढचं कळतं. पावडर म्हणाला तर पाकीट दाखवायला सांगावं. सुट्या विकलेल्या जीएमएसला ठिपका नसतो, म्हणून घरी करणाऱ्यांनीही ती पाकीटबंदच घ्यावी.

तिसरी मर्यादा माझ्याच मंडपात सापडली. दुसऱ्या दिवशी वाढप्याला नीट विचारलं तेव्हा कळलं की आइस्क्रीमवर शोभेसाठी त्याने केकचा चुरा भुरभुरला होता. बेकरीतून आणलेला साधा स्पंज केक. त्यात अंडं होतं. पाचही डब्यांवर हिरवा ठिपका होता आणि तरीही अक्कांच्या वाटीत अंडं होतं. त्यांनी ती बाजूला ठेवली नसती तर माझ्या घाईच्या 'नाही' वर भरवसा ठेवून त्यांनी ते खाल्लं असतं, आणि त्याचा जाब मला द्यावा लागला असता, आज नाही तर उद्या.

मी अक्कांकडे गेलो आणि झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही येऊन सांगितलंत, झालं की मग." त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला मात्र रात्रीपासून एक गोष्ट टोचत होती. त्यांनी प्रश्न विचारला तेव्हा माझ्या मनात क्षणभर आलं होतं की आमच्या घरचं आहे म्हणून विचारतायत. तसं नव्हतं. तो प्रश्न त्यांनी कुठल्याही मंडपात विचारला असता. जैन घरच्या लग्नात मीही जेवणाबद्दल विचारतो, आणि त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

महिन्याभराने भाचीचं लग्न झालं. या वेळी आइस्क्रीम आणायला मी स्वतः गेलो. पाच डबे घेतले, पाचहीवर 'आइस्क्रीम' हे नाव आणि हिरवा ठिपका बघून. वरचा चुरा बंद केला, त्याऐवजी काजूचे तुकडे. शाकाहारी पंगतीचा चमचा वेगळा ठेवला. आणि डब्यांची झाकणं फेकून न देता टेबलावरच उलटी मांडून ठेवली, नाव आणि ठिपका वर येईल अशी. तासगावचे पाहुणे आले, त्यांनी झाकण वाचलं आणि म्हणाले, "आता बरोबर!" अक्का आल्या, त्यांनी झाकणाकडे एक नजर टाकली आणि काही न विचारता वाटी घेतली.